चिमूट, मूठ आणि कढ : एका हस्तलिखित पाककृतीचे वाचन

१

आत्मपर लेखनाचा विचार करताना आपण सहसा अशा संहितांपासून आरंभ करतो, ज्यांच्या लेखकाला आपण स्वतःविषयी लिहीत आहोत याची जाणीव असते. आत्मचरित्र, आठवणी, रोजनिशी, पत्रे असे त्यांचे उतरत जाणारे क्रमही आपण लावले आहेत. या क्रमाच्या अगदी तळाशी, किंबहुना त्याच्या बाहेर, घरगुती कागदांचा एक ढीग पडलेला असतो : वाणसामानाच्या याद्या, व्रतांच्या तिथी, औषधांचे काढे आणि पाककृती. या कागदांना लेखक असतो, वाचकही असतो. परंतु त्यांना संहिता म्हणण्यास समीक्षक कचरतो. प्रस्तुत लेखात अशाच एका कागदाचे वाचन करण्याचा प्रयत्न आहे. तो कागद माझ्या आईने लिहिलेला आहे, आणि ही गोष्ट आरंभीच सांगून टाकणे इष्ट, कारण या वाचनात समीक्षकाचे अंतर मला सर्वत्र राखता येईलच असे नाही.

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या वाटेवर ओरत्तनाडु हे गाव आहे. तंजावरच्या मराठी राज्याच्या इतिहासात त्याचे दुसरे नाव मुक्तांबाळपुरम्. दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे अन्नछत्र उभारले. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी भोसल्यांनी वाटेवर जी छत्रे बांधली त्यांतले हे एक. व्यंकोजी राजांच्या काळापासून, म्हणजे १६७५-७६ नंतर, कावेरीच्या खोऱ्यात आलेली मराठी कुटुंबे हळूहळू अशा गावांतून स्थिरावली. १८५५ साली राज्य खालसा झाले, परंतु घरातली मराठी राहिली. आमचे घर त्यांपैकी एक.

१९७४ साली माझा विवाह होऊन मी पुण्यास आले, तेव्हा आईने एका शालेय वहीचे पान फाडून त्यावर अंबट भाजीची कृती लिहून दिली. पान एकच, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. भाषा मराठी आहे, लिपी तमिळ. यात नवल काही नाही. तंजावरकडील अनेक मराठी घरांत बोलणे मराठीत आणि लिहिणे तमिळ अक्षरांत अशीच रीत आहे, कारण शाळा तमिळ होती आणि बालबोध शिकविणारे घरात कोणी उरले नव्हते. मीदेखील बालबोध लिपी पुण्यास येऊन सासूबाईंच्या हाताखाली शिकले.

२

प्रथम संहिता पाहू. लिप्यंतर माझे आहे. बोलीतील रूपे मी प्रमाण लेखनात आणली आहेत. एरवी वाक्यांचा क्रम, त्यांचा आखूडपणा आणि विरामस्थळे आईचीच आहेत.

“अंबट भाजी. चार माणसांची. मुळैक्कीरै दोन कट्टु, पाहुणे असतील तर तीन. निवडून तीन पाण्यांत धू, मग चीर. चिरून धुऊ नकोस. हरभऱ्याची डाळ मूठभर, शेंगदाणे अर्धी मूठ, दोन्ही आधी भिजव. चिंच लिंबाएवढी, जुनी असेल तर आवळ्याएवढी. डाळ आणि दाणे कल्चट्टीत शिजव. डाळ बोटांत दाबली की मोडावी, पीठ होऊ नये. मग कीरै घाल. झाकू नकोस. वास बदलला की चिंचेचा कोळ, हळद, मीठ, गुळाचा खडा. चिंच आधी घालू नकोस, डाळ रुसते. मी घातली होती. त्या दिवशी सगळे जेवून उठले, कोणी काही बोलले नाही. चिंचेचा कच्चा वास जाईपर्यंत उकळ. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून बोटांतून सोड, हलवत राहा. कढ पाहून उतरव. फोडणी तेलाची : मोहरी, मेथी चिमूटभर, सुकी मिरची तोडून, हिंग. मेथी लाल हवी, काळी नको. नैवेद्य झाल्यावर चव बघ. कमी असेल तर पुढच्या वेळी.”

मुळैक्कीरै म्हणजे कोवळा माठ. कट्टु म्हणजे बाजारात मिळणारी जुडी. कल्चट्टी म्हणजे मऊ दगडाचे कोरलेले जाड भांडे; आंबट पदार्थ त्याच्यात शिजविण्याची त्या भागातली जुनी पद्धत आहे. एवढे अर्थ सांगितले की या पानात दुर्बोध असे काही उरत नाही असे वाटते. वस्तुतः वाचनाची अडचण येथूनच सुरू होते.

३

पहिला प्रश्न मापांचा. मूठ, अर्धी मूठ, चिमूट, लिंबाएवढी, आवळ्याएवढी, दोन कट्टु : एकाही ठिकाणी शेर, पळ, तोळा नाही. तमिळ घरात सर्रास वापरले जाणारे आळाक्कु, म्हणजे पडीचा आठवा हिस्सा, हे मापही नाही. आळाक्कूचे पितळी भांडे आमच्या तांदळाच्या डब्यातच असे आणि आई ते रोज हाताळीत असे. तेव्हा तिला माप ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. भात मापून, भाजी हाताने, असा तिचा विभाग होता. यामागे विचार आहे. भाताला पाणी किती लागणार हे तांदळाच्या मापावर ठरते, तेथे चूक दुरुस्त होत नाही. माठाची जुडी मात्र कधी मोठी, कधी लहान, पावसाळ्यात पाणचट, उन्हाळ्यात निबर. ज्या वस्तूचे मुख्य द्रव्यच रोज बदलते तिच्यात दुय्यम द्रव्यांची मापे स्थिर करणे हाच खरा ढिसाळपणा ठरेल. मूठ ही जुडीकडे पाहून आवळता किंवा सैल करता येते. आळाक्कु आवळता येत नाही.

या शब्दांमध्येही तारतम्य आहे. मराठीत हाताच्या मापांची एक उतरंड आहे : ओंजळ दोन हातांची, पसा एका उघड्या तळव्याचा, मूठ मिटलेल्या हाताची, चिमूट तीन बोटांची. आईच्या पानात पसा आणि ओंजळ हे शब्द येत नाहीत. उघड्या हातावर रास रचता येते, म्हणून तिची मर्यादा सैल. मिटलेल्या हातात मावते तेवढेच मावते. डाळीसाठी मूठ निवडणे म्हणजे मर्यादा निवडणे होय. माझ्या धाकट्या बहिणीचा हात आईसारखा, लहान आणि रुंद आहे. तिच्या मिटलेल्या मुठीतली हरभऱ्याची डाळ मी एकदा तोलून पाहिली; ती पस्तीस ग्रॅमच्या आसपास भरली. माझ्या मुठीतली पन्नासच्या जवळ गेली. पुण्यात पहिली कित्येक वर्षे माझी भाजी आईच्या भाजीपेक्षा जड, दाळीची होत असे, याचे कारण मला त्या दिवशी कळले. पानावर मूठभर असे लिहिले होते आणि मी ते शब्दशः पाळले होते. फक्त ती मूठ कोणाची, हे पानावर नव्हते.

ओरत्तनाडूच्या संदर्भात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. गावाची ओळख ज्या छत्राने होती तेथील अन्नव्यवहार हा मोजमापाचा होता. तंजावर दरबाराचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात मोठ्या संख्येने आहेत आणि दरबारी कारभाराची शिस्त त्यांतून दिसते. दानधर्माचाही हिशेब वर पाठवावा लागे. खुद्द राजवाड्याच्या पाकशाळेविषयीचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे मराठी हस्तलिखित त्याच ग्रंथालयाने पुढे छापून प्रसिद्ध केले. म्हणजे तंजावरच्या मराठी स्वयंपाकाला लेखनाची परंपरा नव्हती असे नाही. परंतु ते लेखन राजाच्या नावाने झाले आणि ज्यांनी चुलीपाशी उभे राहावयाचे त्यांच्यासाठी झाले नाही. तंजावरचे सांबार संभाजी राजांच्या पाहुणचारात कोकमाऐवजी चिंच घालून जन्मले, ही सर्वांना ठाऊक असलेली कथाही अशीच दरबाराची आहे. तिला समकालीन आधार नाही. शिवाय देशावरच्या आमटीत चिंच-गूळ आधीपासूनच असतो, हे ती विसरते.

हिशेबाच्या कागदाला माप लागते, कारण त्याचा वाचक स्वयंपाकघरात कधीच आलेला नसतो. त्याला मुठीचा उपयोग नाही. मूठ कोणाची, हा प्रश्न तो लगेच विचारील. आईच्या पानाचा वाचक मात्र बारा-तेरा वर्षे तिच्या बाजूस बसून कीरै निवडीत आलेला होता. तिने माप गाळले ते या वाचकाला धरून. त्यामुळे या पानातील प्रत्येक ‘मूठभर’ हा एका गृहीत धरलेल्या सहवासाचा उल्लेख आहे, आणि तो सहवास ज्याला नाही त्या वाचकासाठी, उदाहरणार्थ माझ्या मुलीसाठी, हे पान अपुरे आहे. संहितेचा हा गुणही आहे आणि दोषही.

४

दुसरा प्रश्न लिपीचा. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे. ट, ठ, ड, ढ यांना एक, प, फ, ब, भ यांना एक. कोणता उच्चार करावयाचा हे अक्षराच्या जागेवरून तमिळ वाचकाला कळते, कारण तमिळमध्ये महाप्राण नाहीत आणि घोष-अघोषाचा भेद शब्दातील स्थानावर अवलंबून असतो. मराठीला हा नियम लागू पडत नाही. पुरणपोळीला तमिळ मुलखात बोळी म्हणतात याचे कारण शोधताना या एकाच अक्षराकडे पाहावे लागते. ‘पोळी’ आणि ‘बोळी’ तेथे सारखेच लिहिले जातात. आईच्या पानात फोडणी ‘पोडणी’ म्हणून लिहिलेली आहे, भाजी ‘पाजी’ म्हणून, मूठ ‘मूट’ म्हणून. गमतीची बाब अशी की पानावरचे तमिळ शब्द, मुळैक्कीरै, कट्टु, कल्चट्टी, अगदी बिनचूक उमटले आहेत. शाळेची भाषा शुद्ध आणि घराची भाषा श्वास गमावलेली, अशी या पानाची अवस्था आहे. तंजावरच्या मराठी समाजाची दोनशे वर्षांची भाषिक स्थिती याहून थोडक्यात सांगणे कठीण.

बहुतेक ठिकाणी संदर्भाने शब्द सुटतो. पाजी शिजविता येत नाही, म्हणून ती भाजीच. परंतु एका ठिकाणी संदर्भ पुरत नाही. वर मी ‘कढ पाहून उतरव’ असे लिप्यंतर केले आहे. मूळ अक्षरे ‘कढ’ अशीही वाचता येतात आणि ‘कड’ अशीही. लिंगावरून निर्णय करता आला असता, कारण कढ पुल्लिंगी आणि कड स्त्रीलिंगी; पण ‘पाहून’ या रूपात लिंग दिसत नाही. दोन्ही वाक्ये अर्थपूर्ण आहेत. ‘कढ पाहून उतरव’ म्हणजे पीठ लावल्यानंतर पहिला कढ आला की भांडे उतरव. ‘कड पाहून उतरव’ म्हणजे भांड्याच्या कडेला सुटलेली पाण्याची रेघ नाहीशी झाली, भाजी एकजीव झाली, की उतरव.

पाठचिकित्सेत दोन पाठ समान संभाव्य असले तर प्रतींची तुलना करतात. येथे प्रत एकच आहे. म्हणून मला तुलना चुलीवर करावी लागली. पुण्यास मी प्रथम ‘कढ’ असे वाचले आणि पातळ स्टीलच्या पातेल्यात पहिल्या कढाला भाजी उतरविली. तांदळाच्या पिठाचा कच्चटपणा जिभेला लागला आणि ताटात वाढताच भाजीभोवती पाणी सुटले. चार-सहा वेळा असे झाल्यावर मी पाठ बदलला. ‘कड’ वाचून, कडेची रेघ जाईपर्यंत थांबून उतरविले, तेव्हा भाजी जमली. मी वहीत ‘कड’ असे बालबोधीत लिहून ठेवले आणि प्रश्न सुटला असे मानले.

पुढे एका सुट्टीत ओरत्तनाडूला आईच्याच कल्चट्टीत मी भाजी केली आणि माझ्या पाठानुसार कड पाहून उतरविली. भाजी थिजली. वाढताना पळीला चिकटून राहिली, खळीसारखी. आई तेव्हा हयात नव्हती. बहीण हसून म्हणाली, “अक्का, चट्टी उतरवली म्हणजे शिजणे थांबले असे नव्हे. ती खाली ठेवल्यावरही किती वेळ उकळत असते, विसरलीस काय?” दगडाचे भांडे सावकाश तापते आणि सावकाशच निवते. चुलीवरून उतरल्यानंतरही त्यातला रस कित्येक मिनिटे खदखदतो. पीठ त्या वेळात शिजते आणि पुढे निवताना आणखी आळते. म्हणून कल्चट्टीत पहिल्या कढाला उतरविणे बरोबर आणि कडेची वाट पाहणे चूक. स्टीलच्या पातेल्यात नेमके उलट. दोन्ही पाठ खरे आहेत. कोणता खरा हे भांडे ठरविते.

आईने कोणता शब्द लिहिला होता? ती कल्चट्टीशेजारी बसून लिहीत होती, तेव्हा ‘कढ’ हाच पाठ मी वर स्वीकारला आहे. पण माझ्या हातात तिने जी भांडी बांधून दिली ती स्टीलची होती. दगडाची चट्टी आगगाडीच्या प्रवासात तडकेल म्हणून ती दिली नव्हती. हे आठवले की ‘कड’ या पाठाची शक्यता पुन्हा उभी राहते. या द्विधेत मला निर्णय देता येत नाही, आणि खरे पाहता देऊ नये असेही वाटते. एवढे मात्र सांगता येते की पाककृतीत जे भांडे, जे सरपण, जे पाणी गृहीत असते ते तिच्या शब्दांचा अर्थ ठरविण्यात भाग घेते. स्वयंपाकघर ही या संहितेची पार्श्वभूमी नसून तिच्या व्याकरणाचा भाग आहे.

५

तिसरा मुद्दा मला सर्वांत उशिरा उमगला. या पानातील क्रियापदे एकदा सुटी करून पाहावीत. डाळ बोटांत दाबावयाची आहे. कीरैचा वास बदलला की कोळ घालावयाचा आहे. चिंचेचा कच्चा वास जावयास हवा. मेथीचा रंग पाहावयाचा आहे. स्पर्श, गंध, दृष्टी या सर्वांना काम आहे. जिभेला मात्र शेवटच्या ओळीपर्यंत काम नाही. मीठ, आंबट आणि गोड यांच्या तोलावर जी भाजी उभी आहे तिच्या कृतीत चव घेऊन पाहा असे कोठेही म्हटलेले नाही.

याचे कारण सोवळ्याच्या स्वयंपाकघरात आहे. नैवेद्य दाखविण्याआधी अन्न चाखणे म्हणजे ते उष्टे करणे. स्वयंपाक करणाऱ्या बाईला मिठाचा अंदाज हातावरून आणि आंबटाचा अंदाज वासावरून करावा लागे. हाताने करण्याची, चिमटीने घालण्याची जी सिद्धी आपण कौतुकाने वर्णितो तिच्यामागे हा निषेध आहे. जीभ बंद असल्यामुळे हात, नाक आणि डोळे यांना ते काम शिकावे लागले. चुकीचे ज्ञान मात्र सर्वांची पाने वाढून झाल्यावरच होई, आणि तेव्हा ती दुरुस्त करण्याची वेळ गेलेली असे. ‘नैवेद्य झाल्यावर चव बघ. कमी असेल तर पुढच्या वेळी’ ही दोन वाक्ये या व्यवस्थेचे अचूक वर्णन आहेत. प्रथमदर्शनी त्यांत एक समंजस शांतता दिसते. परंतु त्यांत रोज परीक्षा देऊन निकाल नेहमी उशिरा कळण्याची सवयही आहे.

या पार्श्वभूमीवर पानाच्या मध्यावरची तीन वाक्ये वाचावीत. ‘चिंच आधी घालू नकोस, डाळ रुसते. मी घातली होती. त्या दिवशी सगळे जेवून उठले, कोणी काही बोलले नाही.’ पहिले वाक्य शास्त्र सांगते. आंबट रसात डाळ मऊ होत नाही, कितीही वेळ उकळली तरी तिचा दाणा आतून टणक राहतो. म्हणून डाळ आधी पुरती शिजवून मगच कोळ घालावयाचा. हे ज्ञान आईने ‘रुसते’ या एका क्रियापदात ठेवले आहे. रुसलेल्याला कितीही वेळ समजावले तरी ते ऐकत नाही, हा अनुभव त्या शब्दात आधीच आहे.

दुसऱ्या वाक्यात काळ बदलतो. संपूर्ण पान आज्ञार्थी आणि विध्यर्थी रूपांत चालले आहे. येथे एकदम पूर्ण भूतकाळ येतो आणि ‘तू’च्या जागी ‘मी’ येते. सबंध पानात ‘मी’ हा शब्द एवढ्याच ठिकाणी आहे. तिसऱ्या वाक्यात प्रसंग आहे, पात्रे आहेत, आणि प्रसंगाचा परिणाम एका अभावाने सांगितला आहे : कोणी काही बोलले नाही. टणक डाळीचे घास सासरच्या माणसांनी मुकाट्याने गिळले आणि ते हात धुवावयास उठले. ते रागावले असते तर कदाचित ती आठवण इतकी वर्षे राहिली नसती. नववधूला त्या न बोलण्याचा अर्थ लावीत बसावे लागले असणार. तो दयेचा होता की तुच्छतेचा, हे तिला कळले होते काय? पान ते सांगत नाही. लगेचच्या वाक्यात ते पुन्हा चिंचेच्या वासाकडे वळते.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा मराठी वाचकाला स्त्रीच्या आत्मकथनाचे एक परिमाण मिळाले. लक्ष्मीबाई टिळकांच्या त्या लेखनात सोवळ्याओवळ्याचा जाच आहे, स्वयंपाकघरातील फजिती आहेत, आणि त्या सांगताना स्वतःवर हसण्याची मोकळीक आहे. माझ्या आईच्या तीन वाक्यांना त्या शेजारी बसविण्याचा मोह मी टाळते. लक्ष्मीबाईंना सांगावयाचे होते आणि सांगण्यासाठी जागा होती. आईला जागा नव्हती. तिने ती चिंच आणि पीठ यांच्या मध्ये करून घेतली. तिला आत्मकथन करावयाचे होते असे मी म्हणत नाही. मुलीने तीच चूक करू नये एवढाच तिचा हेतू असेल. परंतु सूचना म्हणून ‘डाळ रुसते’ येथे थांबणे पुरेसे होते. पुढची दोन वाक्ये भाजीला लागत नाहीत. ज्या वाक्यांवाचून पदार्थ होऊ शकतो ती वाक्ये पाककृतीत का आली, हा प्रश्न विचारताच आपण पाकशास्त्र सोडून आत्मपर लेखनाच्या प्रांतात आलेले असतो.

६

या वाचनाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी की हाताच्या मापांना समीक्षक सहजच काव्यात्म समजू लागतो. १९५१ साली मद्रासच्या एस. मीनाक्षी अम्माळ यांचे ‘समैत्तुप् पार्’ हे तमिळ पुस्तक निघाले. नातलगांना पत्रांतून कृती लिहून पाठविण्यातून त्याचा उगम झाला. नव्याने संसार थाटणाऱ्या, घरापासून दूर गेलेल्या, जिच्या शेजारी आई नाही अशा मुलीला उपयोगी पडावे म्हणून त्यांनी मापे आणि क्रम निश्चित करून दिले. ते पुस्तक माझ्याही कपाटात आहे आणि अडचणीच्या वेळी मी आईच्या पानापेक्षा त्याचाच आधार अधिक घेतला आहे. आठवण म्हणून मोल असणे आणि शिकविण्यास पुरे पडणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मीनाक्षी अम्माळांच्या पुस्तकाने अनोळखी मुलींना स्वयंपाक शिकविला. आईचे पान एका मुलीलाही पुरते शिकवू शकले नाही. ते कळावयास मला पुन्हा गावी जावे लागले.

दुसरी मर्यादा पानाच्या मौनाची आहे. माठाच्या जुड्या निवडणारी, पाटा-वरवंट्यावर वाटणारी, विहिरीचे पाणी ओढणारी माणसे या पानात नाहीत. आईच्या स्वयंपाकघरात एक आत्या होती. ती विधवा होती आणि सोवळ्याचा बराचसा भार तिच्यावर असे. कल्चट्टी तिची होती. नवी चट्टी घेतल्यावर भाताची पेज घालघालून ती मुरविण्याचे काम आठवडाभर तिनेच केले होते, असे आई बोलताना सांगे. पानावर भांड्याचे नाव आले, तिचे आले नाही. पाककृतीला आठवण म्हणून वाचताना ती कोणाची आठवण नाही हेही वाचावे लागते.

तिसरी मर्यादा माझी स्वतःची. लिप्यंतर करताना मी प्रत्येक ठिकाणी एक उच्चार निवडला आणि दुसरा गाळला. ‘पोडणी’ची फोडणी केली तेव्हा आईचा शब्द मला परत मिळाला असे वाटले, परंतु तिने तो लिहिला नव्हता, मी ऐकला होता. ज्यांनी तिला ऐकले नाही त्यांच्यापुढे माझे लिप्यंतरच मूळ होऊन बसेल. म्हणून मुलीसाठी तयार केलेल्या वहीत मी तीन गोष्टी केल्या आहेत. डावीकडे मूळ पानाची नक्कल तमिळ अक्षरांत जशीच्या तशी ठेवली आहे, उजवीकडे बालबोध वाचन दिले आहे, आणि त्या एका शब्दाच्या जागी ‘कढ’ व ‘कड’ हे दोन्ही पाठ त्यांच्या भांड्यांसह लिहिले आहेत. मूठभर डाळीपुढे मी ग्रॅमचा आकडा घातला नाही. ‘आजीची मूठ, माझी नव्हे’ एवढेच लिहिले आहे, आणि मावशीकडे गेल्यावर तिची मूठ पाहून घे अशी सूचना केली आहे.

मूळ पान मात्र आता विरत चालले आहे. घड्यांवर ते फाटले आहे आणि चिंच पडल्याचा एक तपकिरी डाग नेमका ‘कोणी काही बोलले नाही’ या ओळीच्या कडेला पसरला आहे. डाग माझ्या हातून पडला की आईच्या, हे सांगता येत नाही. ओळ अजून वाचता येते.